किती वाजता सुरू झालं?

एकाच प्रश्नाला दोन उत्तरं आली, तीही एकाच दमात. "कधीपासून दुखतंय?" एवढंच मी विचारलं होतं. तो म्हणाला, "राती." ती म्हणाली, "सकाळीं." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्याने मुकाट्याने तिचं उत्तर घेतलं. "हां, सकाळीं. सातांक." जुलैचा पाऊस गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारावर नुसता कोसळत होता. दवाखान्याच्या पायरीशी छत्र्यांचं पाणी साचलेलं, बाकावर ओल्या रेनकोटांचा वास, तापाची पोरं, खोकणारे म्हातारे. अशा गर्दीत "डोकं दुखतंय" म्हणून आलेला पस्तिशीचा धडधाकट माणूस दोन मिनिटांत गोळी घेऊन बाहेर पडायचा. पण आत येताना त्याने दारातल्या मुलाला वाट देण्यासाठी मान वळवली नाही, अख्खं अंग वळवलं. खुर्चीवर बसताना एक हात टेबलावर टेकवून, डोकं जराही हलू न देता खाली आला. आणि बसल्या बसल्या म्हणाला, "डॉक्टर, ती ट्यूब बंद करता?"

बरोबर त्याची आईही होती. तिने पहाटे मीठ-मिरच्या उतरवून दिष्ट काढली होती, कपाळाला बाम चोळला होता, आणि तिच्या मते हे सगळं पित्त होतं, कारण "उलटी झाली ना त्याला". उलटी कधी झाली, म्हटलं. सून परत घाईने म्हणाली, "सकाळींच." प्रेशर घेतलं तर एकशे साठावर शंभर. आईने लगेच निकाल दिला, बघा, प्रेशरमुळे डोकं धरलंय. ही एक फार सोयीची समजूत आहे. मेंदूभोवती रक्तस्राव झाला की त्या वेदनेने आणि ताणाने प्रेशर चढतं. मग चढलेलं प्रेशर बघून डोकेदुखीचं खापर त्याच्यावर फोडलं जातं. मी आईला म्हटलं, तुमचं प्रेशरही बघायचंय, तोवर बाहेर बसा, नर्स बोलवेल. दार लागल्यावर त्या मुलीला म्हटलं, "बाय, रात्री काय झालं ते सांग. मला फक्त वेळ हवी आहे आणि दुखणं कसं आलं ते. बाकीचं मी विचारणार नाही."

ती टेबलाच्या कडेला आलेल्या पोपड्याकडे बघत राहिली. तोच बोलला. रात्री अकराच्या सुमारास, दोघं जवळ असताना, अगदी शेवटच्या क्षणी, मागून डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं झालं. वाढत वाढत आलं नाही. नव्हतं, आणि होतं. तो म्हणाला, मला वाटलं पंखा पडला. मग घाम, उलटी, आणि पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. घरातली पॅरासिटामॉल घेतल्यावर थोडा उतार पडला म्हणून सकाळपर्यंत थांबले. सकाळी मान लाकडासारखी. मी त्याला पाठीवर झोपवलं, डोक्यामागे हात घातला आणि हनुवटी छातीकडे न्यायचा प्रयत्न केला. दोन बोटं अंतर हललं असेल. तिथेच अडलं, आणि त्याने चादर मुठीत धरली.

मी चिठ्ठीत पहिल्याच ओळीत लिहिलं: दुखणं काल रात्री ११ वाजता, क्षणात, शिखरावरच सुरू.

पुढे काय झालं ते सांगते, पण ती दोन उत्तरं माझ्या डोक्यातून अजून जात नाहीत. कारण ते खोटं मला नवं नव्हतं. इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीत रात्रपाळी करायचे तेव्हापासून ते ऐकते आहे. मध्यरात्री डोकं धरून आलेला माणूस हमखास "बाथरूमला गेलो होतो" असं सांगतो. कुणी "झोपेतून उठलो तर", कुणी "पाण्याची बादली उचलली तर". बायका तर काहीच सांगत नाहीत, नवराच सांगतो, आणि तोही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. गोव्याबद्दल बाहेरच्या लोकांची काय काय कल्पना असते ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांचा गोवा किनाऱ्यावर असतो. आमच्या डिचोली-सत्तरीतल्या घरात मधल्या खोलीत सासू झोपते, पलीकडे दीर, पत्र्यावर पावसाचा आवाज असला तर तेवढाच आडोसा. तिथे रात्री अकराला नवऱ्याला उलटी झाली, हे सकाळी घरात सांगायचं म्हणजे त्याआधीचंही सांगावं लागतं की काय, अशी भीती वाटते. म्हणून दुखणं सकाळी सातवर ढकललं जातं. चहाच्या वेळेचं दुखणं सभ्य असतं.

या खोट्याचा मला कधी राग आला नाही. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्यांची किंमत सारखी नाही. तुम्ही काय करत होतात हे लपवलंत तरी पहिल्या काही तासांत फारसं बिघडत नाही. कपाट सरकवत होतो म्हणा, जिना चढत होतो म्हणा. कपाट सरकवताना क्षणात आलेल्या भयंकर डोकेदुखीलाही डॉक्टर तितक्याच गांभीर्याने घेतात. लपवायच्या नसतात त्या गोष्टी दोनच: दुखणं किती वेळात शिखरावर पोचलं, आणि घड्याळात तेव्हा किती वाजले होते. शून्यापासून असह्यापर्यंत मिनिटभराच्या आत पोचलेली डोकेदुखी ही इमर्जन्सी, मग ती शय्येवर आलेली असो की शेतात. आयुष्यात पहिल्यांदाच अशी आली असेल तर तिला घरी बसून "बघू" म्हणायचं नसतं. सोबत उलटी, मान आखडणं, काही क्षण शुद्ध जाणं, एका डोळ्याची पापणी खाली येणं, दोन-दोन दिसणं, आकडी, हातापायाची ताकद जाणं, यातलं काही असेल तर प्रश्नच संपला. पण यातलं काहीही नसेल तरी निघायचंच. मान आखडायला काही तास लागतात. पहिल्या तासात ती मऊच असते, आणि त्या मऊ मानेच्या भरवशावर लोक झोपी जातात.

आता वेळेचं. हे मुद्दाम सविस्तर सांगते, कारण सुशिक्षित घरांतही हे माहीत नसतं. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या मेंदूच्या बुडाशी, आवरणाखालच्या पाण्यात असतात. त्यांच्या एखाद्या फाट्यावर भिंत कमजोर असेल तर तिथे वर्षानुवर्षं फुगवटा येत राहतो, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. तो फुटला की रक्त त्या पाण्यात पसरतं. सीटी स्कॅनमध्ये ताजं रक्त पांढरं दिसतं. पण ते पाणी साचलेलं नाही, वाहतं आहे. तासागणिक रक्त त्यात विरतं, धुतलं जातं, आणि स्कॅनमधला पांढरेपणा फिका पडत जातो. 2011 मध्ये कॅनडातल्या अकरा इस्पितळांतल्या तीन हजारांवर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डोकेदुखी सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत चांगल्या मशीनवर स्कॅन झालेल्यांत एकही रक्तस्राव निसटला नव्हता. सहा तास उलटून गेल्यावर स्कॅन झालेल्यांत मात्र शंभरातले साधारण शहाऐंशीच सापडले. तेव्हापासून डॉक्टरांच्या हिशेबात सहा तासांची रेघ आली. रेघेच्या अलीकडे स्कॅन स्वच्छ असेल तर बहुतेक वेळा तेवढ्यावर थांबता येतं. पलीकडे असेल तर स्वच्छ स्कॅनचा अर्थ "रक्त नाही" असा होत नाही, "रक्त दिसत नाही" एवढाच होतो. मग पाठीच्या मणक्यातून पाणी काढून बघावं लागतं किंवा धमन्यांची अँजिओग्राफी करावी लागते.

त्या मुलाचा हिशेब यात घालून बघा. माझ्याकडून १०८ने निघून, पावसात बांबोळीच्या सरकारी इस्पितळाचा रस्ता कापून, कागदपत्रं होऊन स्कॅन झाला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. बायकोच्या उत्तराने ते दुखणं पाच तासांचं होतं, रेघेच्या अलीकडचं. नवऱ्याच्या उत्तराने तेरा तासांचं, पलीकडचं. आणि स्कॅन स्वच्छ आला. नुसत्या कागदावरून बघणाऱ्या माणसाला "सकाळी सात" हे उत्तर घरी पाठवायला पुरेसं कारण ठरू शकलं असतं. अर्थात आखडलेली मान बघून कुणीही थबकलं असतं. पण मान आखडणं हे स्पाँडिलायटिसच्या खात्यात टाकायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. चिठ्ठीवर अकरा लिहिलेलं होतं म्हणून मणक्यातून पाणी काढलं गेलं. ते पाणी साध्या पाण्यासारखं नितळ असायला हवं. त्याचं पिवळसर होतं. सांडलेलं रक्त त्या पाण्यात फुटतं, त्यातल्या लाल रंगद्रव्याचं विघटन होऊन पिवळा रंग तयार होतो, आणि तो नीट ओळखू यायला साधारण बारा तास जावे लागतात. म्हणजे त्याच तपासणीसाठी फार लवकर जाऊनही चालत नाही. इथेही पुन्हा डॉक्टरला घड्याळच हवं असतं, आणि ते रुग्णाकडूनच मिळतं.

अँजिओग्राफीत पुढच्या बाजूच्या दोन धमन्यांना जोडणाऱ्या छोट्या धमनीवर फुगवटा दिसला. तुरीच्या दाण्यापेक्षाही लहान. कवटी उघडून त्या फुगवट्याच्या मानेला चिमटा लावला. हल्ली जांघेतून बारीक नळी घालून फुगवट्यात प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं भरूनही तो बंद करतात. कुणाला काय योग्य हे फुगवट्याच्या जागेवर आणि आकारावर ठरतं. घाई असते ती एवढ्यासाठी की फुटलेला फुगवटा रक्ताच्या गुठळीने तात्पुरता बुजलेला असतो आणि तो परत फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सगळ्यात जास्त. दुसऱ्यांदा फुटला तर बरेच जण त्यातून उठत नाहीत. घरी पॅरासिटामॉलने उतार पडून झोप लागली असती तर ती झोप त्या चोवीस तासांतली असती. म्हणून गोळीने बरं वाटलं हा पुरावा धरायचा नाही. आणि ॲस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या तर अशा वेळी तोंडातच टाकायच्या नाहीत; त्या रक्त गोठण्याच्या कामात अडथळा आणतात. ऑपरेशननंतर एकवीस दिवस, दर चार तासांनी त्याला निमोडिपिनच्या गोळ्या होत्या. रक्तस्रावानंतरच्या दिवसांत धमन्या आकसतात आणि मेंदूचा एखादा भाग उपाशी पडतो, ते नुकसान कमी व्हावं म्हणून. ती मुलगी रात्री दोनचा आणि पहाटे सहाचा गजर लावून बसायची.

ती एकदा एकटीच आली. पाऊस ओसरला होता, बाजारात चतुर्थीच्या माटोळीचं सामान येऊ लागलं होतं. औषधाची चिठ्ठी दाखवायचं निमित्त होतं. मग हळूच म्हणाली, "म्हजेमुळें जालें, न्ही?" सासूला शेवटी कळलं होतं. ती काही बोलली नव्हती, पण स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवत होती.

मी तिला म्हटलं, तो फुगवटा तुमच्या लग्नाच्या आधीपासून असेल. शंभरांतल्या साधारण तीन प्रौढ माणसांच्या डोक्यात असा न फुटलेला फुगवटा असतो आणि बहुतेकांना तो मरेपर्यंत कळत नाही. संभोगाच्या शेवटच्या क्षणी प्रेशर थोड्या वेळासाठी बरंच चढतं, श्वास रोखला जातो, हे खरं. पण शौचाला कुंथताना तेच होतं, नारळाचं पोतं पाठीवर घेताना तेच होतं, आणि पुष्कळांचे फुगवटे काहीही करत नसताना फुटतात, झोपेतसुद्धा. रक्तस्राव झालेल्या माणसांमध्ये तो संभोगाच्या वेळी झालेले अगदी थोडे. कुणाचं कपाट सरकवताना फुटलं तर आपण कपाटाला दोष देत नाही. तिने मान डोलावली. पटलं असं म्हणणार नाही मी. डॉक्टरने सांगितलेलं पटतं एका ठिकाणी आणि अपराधीपणा राहतो दुसऱ्याच ठिकाणी. मग तिने तो खरा प्रश्न विचारला, जो विचारायला ती आली होती: पुढे कधी? मी म्हटलं, फुगवटा बंद झालाय, पुढच्या तपासणीला सर्जनना विचारा, ते हो म्हणाले की भीतीचं कारण नाही. त्यांना तुम्ही विचारलंत तर ते लाजणार नाहीत. ती हसली, पहिल्यांदाच.

हे सगळं वाचून प्रत्येक जोडप्याने धसका घ्यावा असं मला वाटत नाही, कारण संभोगाच्या वेळी येणारी बहुतेक डोकेदुखी निरुपद्रवी असते. अडचण अशी की निरुपद्रवी म्हणण्याचा अधिकार तपासणीनंतर मिळतो. पहिल्या वेळी, क्षणात आलेल्या दुखण्याला, फक्त वर्णनावरून कुणीही "साधं" म्हणू शकत नाही, मीसुद्धा नाही. कारण साध्या प्रकारातलं एक दुखणंही तसंच, शेवटच्या क्षणी स्फोटासारखं येतं.

माझ्याकडे खाणीच्या ट्रकांचा धंदा असलेले एक गृहस्थ येतात, पंचेचाळिशीचे, तरुणपणापासून अर्धशिशी असलेले. मोठा आवाज, मोठं पोट, दवाखान्यात शिरले की बाकावरच्या सगळ्यांची चौकशी. त्या दिवशी मात्र सगळे जाईपर्यंत बाहेर थांबले. त्यांचं दुखणं वेगळ्या चालीचं होतं. मानेमागे, दोन्ही बाजूंना, बोथट दडपण यायचं. उत्तेजना वाढेल तसं चढायचं. मध्येच थांबले तर पाचदहा मिनिटांत उतरायचं. न थांबता पुढे गेले तर शेवटी जोराची कळ येऊन पुढचे दोन-तीन तास डोकं जड राहायचं. उलटी नाही, मान मोकळी, शुद्ध पक्की. असं तीन आठवडे चाललं होतं. शेवटी येणाऱ्या त्या जोराच्या कळेमुळे त्यांना एमआरआय आणि धमन्यांची तपासणी करायला पाठवलं. सगळं स्वच्छ आलं. रिपोर्ट टेबलावर आपटून ते म्हणाले, "काहीच नाही म्हणतात. मग दुखतं कशाला?" त्यांचा तो राग मला समजला. पैसे खर्चून, बंद मशीनमध्ये घामाघूम होऊन, माणसाला निदान एखादा आजार तरी हातात हवा असतो.

त्याला नाव आहे, म्हटलं, आणि ते डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात छापलेलं आहे: संभोगाशी निगडित प्राथमिक डोकेदुखी. प्राथमिक म्हणजे तिच्यामागे दुसरा आजार नाही. ही बायकांपेक्षा पुरुषांना जास्त होते, अर्धशिशीवाल्यांना जास्त होते, आणि फक्त याच वेळी होते. जोराची असेल तर मिनिटापासून दिवसभरापर्यंत राहते. मंद दुखणं तीन दिवसांपर्यंत रेंगाळू शकतं. हंगामासारखी येते: काही आठवडे, काही महिने त्रास देते आणि मग आपणहून जाते. काहींना वर्षभराहून जास्त पुरते. त्यांच्यासारखं चढत जाणारं दुखणं मान, जबडा, खांदे आवळून धरल्यामुळे बळावतं, ते थांबल्यावर कमी होतं. म्हणून कळ सुरू झाली की थांबायचं, घाई सोडायची, आणि थोडे दिवस मेहनतीची बाजू दुसऱ्याकडे द्यायची. "म्हणजे तिच्याकडे?" ते म्हणाले. म्हटलं, संसार आहे, वाटून घ्या.

मग त्यांनी खिशातून एक पट्टी काढली. शहरातल्या एका फार्मसीतून आणलेल्या निळ्या गोळ्या, चिठ्ठीशिवाय. ही कबुली बहुतेक जण उठता उठता देतात, हात दाराच्या कडीवर असताना. त्या गोळीने रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यात डोक्याच्याही. घेतल्यावर तासाभरात तोंड लाल होतं, नाक चोंदतं, कपाळ ठणकतं, आणि हे संभोग झाला नाही तरी होतं. तेवढ्यावरून तो प्रकार ओळखता येतो. पण गोळी घेतली होती म्हणून क्षणात फुटलेलं डोकं तिच्या नावावर टाकायचं नाही. आणि छातीच्या दुखण्यासाठी जिभेखालची गोळी घेणाऱ्याने ती निळी गोळी घ्यायचीच नाही. दोन्ही मिळून प्रेशर कोसळतं.

एका प्रकारात मात्र "दोनदा आलं आणि गेलं, म्हणजे साधंच" हा हिशेब फसतो. एक तरुण बाई, बाळंत होऊन तीन आठवडे झालेल्या, सर्दीसाठी नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या घेत होत्या. नवऱ्याच्या जवळ असताना एक स्फोटासारखी कळ आली, तासाभरात उतरली. दोन दिवसांनी नुसतं न्हाताना, डोक्यावर ऊन पाणी घेतल्याबरोबर तशीच. चार दिवसांनी पुन्हा. पहिला स्कॅन स्वच्छ होता, त्यामुळे घरचे निर्धास्त. यात धमन्या फुटलेल्या नसतात, जागोजागी आवळलेल्या असतात, अँजिओग्राफीत मण्यांच्या माळेसारख्या दिसतात, आणि पहिल्या आठवड्यात त्यातही कधी कधी दिसत नाहीत. बाळंतपणानंतर, सर्दीच्या गोळ्यांतल्या फेनिलेफ्रिन-स्यूडोएफेड्रिनने, काही नैराश्यावरच्या औषधांनी, गांजाने हे होऊ शकतं. बहुतेकांत तीन महिन्यांच्या आत धमन्या पूर्ववत होतात, पण मधल्या काळात लकवा होण्याची भीती असते. म्हणून एक-दोन आठवड्यांत पुन्हा पुन्हा येणारी क्षणातली कळ ही साधेपणाची खूण नाही. गोळ्या बंद करून तातडीने परत इस्पितळ गाठायचं आणि "दुसरी वेळ आहे" हे स्पष्ट सांगायचं. त्या बाईंच्या बाबतीत दुसरी अँजिओग्राफी झाली तेव्हा ते दिसलं.

पावसाळ्यात आमच्याकडे प्रत्येक घरात त्या सर्दीच्या गोळ्यांची पट्टी फ्रिजवर पडलेली असते.

ट्रकवाल्या गृहस्थांचं दुखणं थांबून-सावरून निम्म्याने कमी झालं, पण पुरतं जाईना. मग त्यांना इंडोमेथासिन लिहून दिलं, जेवल्यावर घ्यायचं, पन्नास मिलिग्रॅम, आधी अर्धा ते एक तास. पोटात अल्सर असलेल्याला, मूत्रपिंड अधू असलेल्याला ते चालत नाही; दोन्ही विचारून घेतलं. पुढच्या खेपेला त्यांच्यासोबत बायको आली. तिला ही सगळी भानगड रिपोर्ट आल्यावर कळली होती आणि तिला राग होता तो न सांगितल्याचा. ती गोळीची पट्टी पुढे करून म्हणाली, "डॉक्टर, ही तासभर आधी घ्यायची म्हणता. तासभर आधी कुणाला ठाऊक असतं?" गृहस्थ छताकडे बघत होते. मी म्हटलं, अगदी बरोबर आहे तुमचं. ज्यांचं वेळापत्रक नसतं त्यांच्यासाठी रोज घ्यायची गोळी असते, प्रोप्रॅनोलॉल, ती दीड-दोन महिने घेऊन मग हळूहळू कमी करायची, एकदम सोडायची नाही. दम्याचा त्रास आहे का त्यांना? "दमा नाही," ती म्हणाली, "आळस आहे." मग मी त्यांची नाडी मोजली, प्रेशर घेतलं, आणि चिठ्ठीवर सकाळ-संध्याकाळ लिहिलं.